सहमत, असहमत आणि मधले: मतांच्या पट्ट्या शून्याभोवती कशा मांडाव्यात

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने आपल्या सभासदांकडून एक छोटी प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय: पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. दोनशे जणांनी ती भरून दिली. आता कार्यकारिणीसमोर निकाल मांडायचा आहे. पूर्ण असहमतला १ आणि पूर्ण सहमतला ५ असे गुण देऊन कोणीतरी सरासरी काढतं. ‘हवं ते पुस्तक मिळतं’ या विधानाची सरासरी येते २.८६ आणि ‘वाचनालयाची वेळ सोयीची आहे’ याची २.९०. दोन्ही जवळपास सारख्याच, म्हणजे दोन्हीकडे लोक ‘ठीकठाक’ म्हणतायत असं समजून कार्यकारिणी पुढच्या विषयाकडे वळते.

प्रत्यक्षात या दोन विधानांमागचं चित्र एकमेकांपासून फार लांब आहे. उदाहरणातले आकडे (मी हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत, सगळे टक्क्यांत) असे:

| विधान | पूर्ण असहमत | असहमत | तटस्थ | सहमत | पूर्ण सहमत |
|---|---|---|---|---|---|
| कर्मचारी मदत करतात | ४ | ८ | १४ | ४६ | २८ |
| वर्गणी वाजवी आहे | ८ | १४ | २० | ३८ | २० |
| वेळ सोयीची आहे | ३० | २० | ४ | २२ | २४ |
| हवं ते पुस्तक मिळतं | १२ | २२ | ४० | २० | ६ |

पुस्तकांच्या ओळीत ४० टक्के लोक मधे आहेत आणि टोकाला फार थोडे. वेळेच्या ओळीत मधे जेमतेम ४ टक्के आहेत, ३० टक्के लोक वेळेवर चिडलेले आहेत आणि २४ टक्के त्याच वेळेवर पूर्ण खूश आहेत. बहुधा नोकरदार आणि निवृत्त असे दोन गट पडले असावेत. सरासरीने हे सगळं गिळून टाकलं. म्हणून अशी उत्तरं मांडताना पाचही पर्यायांचं वाटप डोळ्यांसमोर यावं लागतं, आणि त्यासाठीच आजचा आलेख आहे. त्याला डायव्हर्जिंग स्टॅक्ड बार चार्ट म्हणतात. एका शून्यरेषेच्या डावीकडे असहमतीचे तुकडे, उजवीकडे सहमतीचे, आणि तटस्थांचा तुकडा बरोबर रेषेवर, अर्धा इकडे अर्धा तिकडे.

या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीला लिकर्ट स्केल म्हणतात. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली ती मांडली. अनेक विधानांवरच्या उत्तरांची बेरीज करून माणसाचा एखाद्या विषयाकडे बघण्याचा कल मोजायचा, हा त्याचा मूळ हेतू. आज आपण बहुतेक वेळा बेरीज न करता एकेका विधानाचाच निकाल मांडतो, आणि मांडणीचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

साधी पट्टी कुठे कमी पडते

सर्वसाधारणपणे लोक शंभर टक्क्यांची आडवी पट्टी काढतात. प्रत्येक विधानाची एक पट्टी, सगळ्या सारख्याच लांबीच्या, आत पाच रंगांचे तुकडे. ही पट्टी चुकीची नाही. पण तिच्यात डोळ्याला दोनच तुकडे नीट तोलता येतात: अगदी डावीकडचा, कारण तो सगळ्या ओळींत एकाच ठिकाणी सुरू होतो, आणि अगदी उजवीकडचा, कारण तो एकाच ठिकाणी संपतो. मधले तीन तुकडे प्रत्येक ओळीत वेगवेगळ्या जागी तरंगत असतात. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोग करून दाखवलं की एकाच मोजपट्टीवरच्या जागा आपण ज्या अचूकतेने तोलतो, तेवढ्या अचूकतेने सुट्या सुट्या लांब्या तोलू शकत नाही. तरंगणारे तुकडे म्हणजे सुट्या लांब्याच.

दुसरी उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. कार्यकारिणीचा पहिला प्रश्न ‘किती जण बाजूने आणि किती विरोधात’ हाच असतो, आणि शंभर टक्क्यांच्या पट्टीत ‘बाजू’ असं काही नसतंच. असहमत आणि सहमत यांच्यातली सीमा प्रत्येक ओळीत निराळ्या जागी पडते. ती शोधायला प्रत्येक ओळीत पुन्हा रंगांच्या खुणा वाचाव्या लागतात.

पट्टी सरकवायची, कापायची नाही

उपाय असा की पट्टी आहे तशीच ठेवायची, फक्त आडवी सरकवायची. तटस्थांच्या तुकड्याचा मध्यबिंदू शून्यरेषेवर येईल इतकी. पुस्तकांची ओळ घेऊ. शून्याच्या डावीकडे काय काय जाणार? पूर्ण असहमत १२, असहमत २२ आणि तटस्थांपैकी निम्मे, म्हणजे २०. बेरीज ५४. म्हणून पट्टी शून्याच्या डावीकडे ५४ वर सुरू होते. उजवीकडे उरलेले २० तटस्थ, २० सहमत आणि ६ पूर्ण सहमत, एकूण ४६. तिथे ती संपते. एकूण लांबी शंभरच राहिली, कोणी गळलं नाही.

हाच हिशेब बाकीच्या ओळींचा केला तर कर्मचाऱ्यांची पट्टी डावीकडे १९ पासून उजवीकडे ८१ पर्यंत जाते, वर्गणीची ३२ पासून ६८ पर्यंत, आणि वेळेची ५२ पासून ४८ पर्यंत. कागदावर चार ओळी एकाखाली एक काढा. कर्मचाऱ्यांची पट्टी ठसठशीत उजवीकडे गेलेली दिसेल, वर्गणीची थोडी उजवीकडे, आणि खालच्या दोन जवळपास मधोमध.

पट्टी किती सरकली याला नेमका अर्थ आहे, आणि तो कळला की हा आलेख खरा वाचता येतो. पट्टीचा स्वतःचा मध्य शून्यापासून जितका दूर, त्याची दुप्पट म्हणजे सहमत वजा असहमत. कर्मचाऱ्यांच्या ओळीत सहमत एकूण ७४ आणि असहमत एकूण १२, म्हणजे फरक ६२. पट्टीचं एक टोक १९ वर, दुसरं ८१ वर, तर तिचा मध्य उजवीकडे ३१ वर. बरोबर निम्मा. तटस्थ कितीही असोत, ते दोन्हीकडे सारखे वाटले जातात, त्यामुळे सरकण्यावर त्यांचा परिणाम होत नाही. थोडक्यात, पट्टीची जागा निव्वळ कल दाखवते आणि आतले रंग त्या कलामागची माणसं दाखवतात. या आलेखात या दोन गोष्टी एकत्र असतात आणि त्या वेगवेगळ्याच वाचाव्या लागतात.

रस्सीखेचीत दोराच्या मधोमध बांधलेला रुमाल आठवा. दोन्ही संघ जीव खाऊन ओढत असतील तरी रुमाल मधेच राहतो, आणि कोणी दोर हातात घेतलाच नसेल तरीही मधेच. पट्टीच्या जागेचं तसंच आहे. पुस्तकांची पट्टी ५४ ते ४६ आणि वेळेची ५२ ते ४८. दोन्ही जवळजवळ एकाच जागी, कारण दोन्हींचा निव्वळ कल थोडासा असहमतीकडे आहे, एकीचा उणे ८ आणि दुसरीचा उणे ४. फरक आत पाहिल्यावर कळतो. पुस्तकांच्या पट्टीच्या पोटात तटस्थांचा ४० टक्क्यांचा जाडजूड राखाडी तुकडा आहे. वेळेच्या पट्टीत राखाडी म्हणजे रेषेवर मारलेली एक बारीक चीर, आणि दोन्ही टोकांना गडद रंगाचे लांब तुकडे. सरासरीने जे लपवलं ते इथे दिसतं, पण पाहणाऱ्याने फक्त टोकं न पाहता रंग पाहिले तरच.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हजारो सभासदांतून दोनशे जण यदृच्छेने निवडले असतील, तर उणे ८ आणि उणे ४ यांतला फरक काहीच सिद्ध करत नाही. इतक्या नमुन्यात प्रत्येक ओळीचा निव्वळ कल दहा-बारा अंकांनी सहज इकडेतिकडे होऊ शकतो. खालच्या दोन ओळींत कोण वर आणि कोण खाली यावर चर्चा रंगवू नये. त्यांचं पोट किती वेगळं आहे, यावर रंगवावी.

सगळ्यात मोठी गफलत

आता या आलेखाची खरी अडचण, जी हा आलेख शिकवणारे बरेचदा ओझरती सांगतात. पुस्तकांची पट्टी उजवीकडे ४६ पर्यंत जाते. खाली अक्षावर ०, २०, ४० अशा खुणा छापलेल्या असतील, तर कोणताही शहाणा माणूस काय वाचेल? ‘४६ टक्के लोक सहमत आहेत.’ पण सहमत फक्त २६ टक्के आहेत. उरलेले २० हे तटस्थांचे निम्मे. ते सहमत नाहीत, मांडणीच्या सोयीसाठी त्या बाजूला ठेवले गेले आहेत, इतकंच.

आणि वेळेच्या ओळीशी तुलना केली की गफलत दुप्पट होते. तिथे पट्टी उजवीकडे ४८ पर्यंत जाते आणि त्यातले ४६ टक्के खरोखर सहमत आहेत. म्हणजे २६ टक्के सहमती आणि ४६ टक्के सहमती असलेल्या दोन पट्ट्या उजवीकडे जवळजवळ एकाच ठिकाणी संपतात. सहमतीचा तुकडा एका ओळीत शून्यापासून २० अंक दूर सुरू होतो आणि दुसऱ्या ओळीत २ अंक दूर. ज्या तरंगणाऱ्या तुकड्यांपासून सुटका व्हावी म्हणून शून्यरेषा आणली, ते परत आले. राखाडी तुकडा मधे ठेवण्याची किंमत ही आहे. ओळींमध्ये तटस्थांचं प्रमाण जितकं कमी-जास्त, तितकी ती जड.

यावर दोन साधे इलाज आहेत आणि दोन्ही करावेत. अक्षावरच्या खुणा पूर्ण काढून टाका. शून्यरेषा राहू द्या, बाकीचे आकडे नकोत, कारण शून्यापासूनचं अंतर या आलेखात कोणत्याही एका पर्यायाचं माप नसतं. आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही कडांना, पट्ट्यांच्या बाहेर, एका सरळ उभ्या रेषेत बेरजा छापा: डाव्या कडेला ‘असहमत ३४’, उजव्या कडेला ‘सहमत २६’. कडेच्या बेरजा एका स्तंभात असल्याने डोळा त्या सरळ खाली वाचत जातो. पट्टीवरून जो अंदाज चुकला असता तो तिथेच दुरुस्त होतो.

स्प्रेडशीटमध्ये बनवताना

सांख्यिकीच्या आर भाषेत या आलेखासाठी तयार सोय आहे. रिचर्ड हायबर्गर आणि नाओमी रॉबिन्स यांनी या आलेखाच्या रचनेवर २०१४ साली सविस्तर लेख लिहिला, आणि हायबर्गर यांच्या `HH` या पॅकेजमधल्या `likert()` मध्ये `ReferenceZero` नावाची जागा आहे, तिथे शून्य कोणत्या पर्यायावर बसवायचं ते सांगता येतं. पण आपल्याकडे बहुतेक अहवाल एक्सेलमध्येच होतात, आणि एक्सेलमध्ये हा प्रकार आयता नाही. तो एका अदृश्य तुकड्याच्या मदतीने करावा लागतो.

पहिल्या स्तंभात विधानं लिहा. दुसरा स्तंभ रिकामा सोडा. तिसऱ्यापासून पाचही पर्यायांचे टक्के, पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत याच क्रमाने. आता प्रत्येक ओळीची डावी बाजू किती लांब जाते ते पाहा. आपल्या उदाहरणात सगळ्यात लांब ५४, म्हणून त्याहून थोडा मोठा सोयीचा आकडा घेऊ, ६०. रिकाम्या स्तंभात हे सूत्र भरा:

```
=60-(C2+D2+E2/2)
```

कर्मचाऱ्यांसाठी उत्तर ४१ येतं, वर्गणीसाठी २८, वेळेसाठी ८ आणि पुस्तकांसाठी ६. हा प्रत्येक पट्टीच्या आधीचा मोकळा भाग. आता या सहा स्तंभांचा `Stacked Bar` काढा. इथे `100% Stacked Bar` निवडलात तर सगळं बिघडेल, कारण तो मोकळा भागसुद्धा शंभरात धरून प्रत्येक पट्टी नव्याने ताणतो. पट्ट्यांची एकूण लांबी ओळीगणिक बदललेली दिसली, तर हेच झालंय असं समजा. मोकळ्या भागाला `No fill` द्या आणि रंगखुणांच्या यादीतून त्याचं नाव काढा. आडव्या अक्षाची मर्यादा स्वतः ठरवा, ० ते १५०, आणि मग त्यावरचे आकडे पुसा. एक्सेल पहिली ओळ सगळ्यात खाली काढतं, त्यामुळे उभ्या अक्षाच्या मांडणीत `Categories in reverse order` वर खूण करा. पट्ट्यांमधली जागा `Gap Width` मधून कमी करून पन्नासच्या आसपास आणा.

शून्यरेषा म्हणून ६० च्या जागी एक पातळ उभी रेघ लागते. आलेख निवडलेला असतानाच ती रेघ काढली तर ती आलेखाचा भाग बनते आणि आकार बदलला तरी सोबत राहते. ती बरोबर जागी आहे का हे तपासायला आकडे नकोत: प्रत्येक ओळीत ती राखाडी तुकड्याच्या बरोबर मधून गेली पाहिजे. एका जरी ओळीत राखाडी डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी दिसला, तर त्या ओळीचं सूत्र खाली ओढताना राहून गेलंय.

काही जण असहमतीचे आकडे उणे करून आणि तटस्थांचे दोन अर्धे करून हाच आलेख बनवतात. चालतो, पण मग तटस्थ दोनदा यादीत येतात, डावीकडचे तुकडे शून्यापासून बाहेर अशा उलट्या क्रमाने भरावे लागतात, आणि लेबलांवर उणे चिन्हं येतात. ‘उणे २२ टक्के असहमत’ हे वाचणाऱ्याला विचित्रच वाटणार. अदृश्य तुकड्याची पद्धत जास्त स्वच्छ आहे.

ओळींचा क्रम प्रश्नावलीतल्या क्रमाने ठेवू नका. निव्वळ कलानुसार लावा, सगळ्यात उजवीकडे गेलेली पट्टी वर. मग पट्ट्यांची उजवी टोकं वरून खाली पायऱ्यांसारखी आत येतात आणि कुठली ओळ या उतरणीत बसत नाही ते लगेच कळतं. वरच्या तक्त्यातही म्हणूनच वेळेची ओळ पुस्तकांच्या आधी आहे. टक्के काढताना मात्र पट्टीसाठी पूर्ण दशांश वापरा, पूर्णांक फक्त छापायच्या आकड्यांत. आधीच पूर्णांक करून टाकले की काही पट्ट्या ९९ लांबीच्या होतात आणि काही १०१, आणि मग कडा हलल्यासारख्या दिसतात.

रंगांबद्दल थोडंच सांगतो. दोन बाजूंना दोन वेगळे रंग, टोकाकडे गडद आणि मधल्या बाजूला फिका, आणि तटस्थांना हलका राखाडी. लाल आणि हिरवा ही जोडी टाळा; लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष कोणत्याही मोठ्या सभेत असतातच. तपकिरी आणि हिरवट-निळा ही जोडी चांगली चालते. तटस्थांना पांढरा रंग देऊ नका, पट्टी मधे तुटल्यासारखी दिसते. झेरॉक्स काढली की दोन्ही टोकांचे गडद रंग सारखेच काळपट होतात हे खरं, पण या मांडणीत त्याने फारसं बिघडत नाही, कारण कोणतं टोक कशाचं हे रंगाआधी जागाच सांगते.

तटस्थ मधे ठेवायचेच का?

ज्या अडचणीबद्दल वर लिहिलं तिच्यामुळे बरेच जण राखाडी तुकडा मधून उचलून बाजूला ठेवतात. मुख्य आलेखात शून्याच्या डावीकडे फक्त असहमत, उजवीकडे फक्त सहमत, आणि थोडं अंतर सोडून उजव्या कडेला तटस्थांच्या छोट्या पट्ट्या, त्यांच्या स्वतःच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या. आपल्या आकड्यांना हे लावून पाहा. पुस्तकांची पट्टी आता डावीकडे ३४ आणि उजवीकडे २६, म्हणजे आखूड. वेळेची डावीकडे ५० आणि उजवीकडे ४६, म्हणजे लांबलचक. आधी जवळजवळ सारख्या जागी दिसणाऱ्या दोन ओळी आता कोणालाही वेगळ्या दिसतील. अक्षावर आकडे छापता येतात, कारण शून्यापासूनचं अंतर आता खरोखर सहमतीचं माप आहे. बाजूच्या स्तंभात ४ आणि ४० हे तटस्थ तर लपूच शकत नाहीत.

तर मग मधे का ठेवावेत? कारण बाजूला ठेवल्यावर पट्टीच्या लांब्या सारख्या राहत नाहीत, आणि पट्टीच्या एकाच टोकावरून निव्वळ कल कळेनासा होतो. शिवाय कडेला ठेवलेल्या माणसांकडे लक्ष जात नाही. ४० टक्के सभासद पुस्तकांबद्दल धड हो म्हणत नाहीत आणि धड नाही म्हणत नाहीत, ही वाचनालयासाठी मोठी बातमी आहे, आणि ती मुख्य चित्राच्या पोटात दिसली तर बरं.

माझं मत असं की निर्णय मधल्या पर्यायाचा अर्थ काय यावर घ्यावा. काही प्रश्नांत मधला पर्याय खरोखरच मध्य असतो. ‘वर्गणी कशी वाटते?’ असं विचारून ‘फारच कमी, थोडी कमी, योग्य, थोडी जास्त, फारच जास्त’ असे पर्याय दिले, तर ‘योग्य’ म्हणणारा माणूस कुंपणावर बसलेला नाही. त्याने ठाम उत्तर दिलंय, आणि ते उत्तर शून्यावरच आहे. तिथे त्याला रेषेवर अर्धा-अर्धा ठेवणं अगदी बरोबर, आणि राखाडीऐवजी चांगला ठळक रंग द्यावा. उजवीकडे सरकलेली पट्टी मग ‘वर्गणी जास्त वाटते’ असं सांगते आणि मधला जाड तुकडा ‘बदलू नका’ असं.

सहमती-असहमतीच्या प्रश्नात मात्र मधे बसलेल्यांत नाना तऱ्हा असतात. कोणाला दोन्ही बाजू पटतात, कोणी विचारच केलेला नसतो, कोणाला भिडेखातर नाही म्हणायचं नसतं. तिथे ओळींमधल्या तटस्थांचं प्रमाण साधारण सारखं असेल, समजा सगळीकडे दहा ते वीसच्या दरम्यान, तर मधे ठेवायला हरकत नाही; गफलत फार तर पाच अंकांची होईल. पण आपल्या उदाहरणासारखं एकीकडे ४ आणि दुसरीकडे ४० असेल, आणि वाचणाऱ्याला ‘सहमत किती’ हेच पाहायचं असेल, तर बाजूला ठेवा.

दोन वर्षांची तुलना करताना विशेष जपावं. समजा पुढच्या वर्षी पुस्तकांच्या ओळीतले ४० टक्के तटस्थ १० वर आले आणि सुटलेले ३० टक्के निम्मे सहमतीकडे, निम्मे असहमतीकडे गेले. सहमत २६ वरून ४१ झाले, असहमत ३४ वरून ४९. वाचनालयात दोन तट पडले. आणि शून्यावर मधे बसवलेली पट्टी? ५४ ते ४६, होती तिथेच, एक अंकही हललेली नाही.

पर्याय सम संख्येत असतील, म्हणजे चार किंवा सहा, तर हा प्रश्नच येत नाही. तटस्थ नाहीत, शून्य दोन पर्यायांच्या सीमेवर. तिथे हा आलेख निर्धास्तपणे वापरावा.

जे तटस्थ नाहीतच

शेवटचा भाग प्रत्यक्ष कामात सगळ्यात जास्त बिघडतो. त्याच प्रश्नावलीत पाचवं विधान होतं असं धरू: ‘अभ्यासिका शांत असते’. दोनशेपैकी ९० जणांनी अभ्यासिकेत कधी पाऊलही टाकलेलं नाही. अर्जात ‘लागू नाही’ असा रकाना नसेल तर ते बिचारे काय करणार? बहुतेक जण तटस्थवर खूण करतील. रकाना असला, तरी आकडे भरणारा अनेकदा त्यांना तटस्थांतच मिळवतो, कारण तक्त्यात पाचच स्तंभ असतात.

उरलेल्या ११० जणांत २२ पूर्ण असहमत, २२ असहमत, ११ तटस्थ, ३३ सहमत आणि २२ पूर्ण सहमत आहेत असं समजा. टक्क्यांत २०, २०, १०, ३०, २०. म्हणजे अभ्यासिका वापरणाऱ्यांत ४० टक्क्यांना ती शांत वाटत नाही, ही गंभीर तक्रार आहे. आता ते ९० जण तटस्थांत ओता. तटस्थ होतात १०१, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि असहमत दोनशेपैकी ४४, म्हणजे २२ टक्के. आलेखात एक प्रचंड राखाडी ठोकळा रेषेवर बसतो, दोन्ही बाजूंना बारीक रंगीत शेपट्या राहतात, आणि सभेला वाटतं की अभ्यासिकेबद्दल कोणाची काही तक्रार नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. एकाच ओळीत राखाडी तुकडा बाकीच्या ओळींच्या मानाने अचानक फुगलेला दिसला, तर आधी मूळ अर्ज काढून पाहा की ते विधान सगळ्यांना लागू होतं का. होत नसेल तर त्या माणसांना पट्टीबाहेर काढा, टक्के उरलेल्यांवर काढा, आणि विधानाच्या नावापुढेच किती जणांचं उत्तर आहे ते लिहा: ‘अभ्यासिका शांत असते (११०)’, बाकीच्या ओळींपुढे ‘(२००)’. बाहेर काढलेले ९० जण उजव्या कडेला वेगळ्या स्तंभात ‘वापरत नाही: ९०’ असे छापा. पुढच्या खेपेला अर्ज छापतानाच सहावा रकाना तटस्थला चिकटून न ठेवता थोडं अंतर सोडून, सगळ्यात शेवटी ठेवा.